मावशीचं कार्ड आणि तुझं तिकीट

वाशी, नवी मुंबई

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री मावशीचा फोन आला. "तिकीट काढलं माझ्या कार्डावर, आता त्याला फक्त बॅग भरायला सांग." बॅग तू आदल्या रात्रीच भरणार, हे मला माहीत आहे. मी मात्र ते ई-तिकीट शेवटपर्यंत वाचलं. तळाशी बारीक अक्षरांत लिहिलंय, पैसे भरलेलं कार्ड चेक-इनच्या वेळी मागितलं जाऊ शकतं. आणि कार्ड तर डोंबिवलीत, मावशीच्या पर्समध्ये!

हे कशाला, तर चोरलेल्या कार्डाच्या नंबरावर लोक तिकीट काढून निघून जातात. पुढे बिल बघून खरा मालक बँकेत तक्रार करतो आणि बँक ते पैसे विमान कंपनीकडून परत वसूल करते. म्हणून दुसऱ्याचं कार्ड, प्रवास दोन-चार दिवसांवर, तिकीट फक्त जाण्याचं, असं दिसलं की त्यांना शंका येते. तुझ्या तिकिटात हे तिन्ही आहे. वर परदेशी साइटवर मावशीला ओटीपीसुद्धा आला नाही, म्हणजे कार्ड तिनेच वापरलं याचा तेवढाही पुरावा नाही.

मामाच्या मुलाचं आठवतंय ना? त्याने काउंटरवर मोबाइलमधला कार्डाचा फोटो दाखवला, तो चालला नाही. तिथेच स्वतःच्या कार्डावर त्या दिवशीच्या भावाने नवं तिकीट घ्यावं लागलं. जुन्याचे पैसे मिळाले, पण मामाच्या कार्डावर आणि बऱ्याच दिवसांनी. रिफंड ज्या कार्डावरून पैसे गेले तिथेच जातो.

मावशी रविवारी येतेय. तिच्याकडून एक पत्र लिहून घेते: तिचं नाव, पासपोर्टवर आहे तसं तुझं नाव, नातं, पीएनआर, प्रवासाची तारीख, रक्कम, आणि 'हे पैसे मी माझ्या संमतीने भरले' असं एक वाक्य. सही कार्डामागे आहे तशीच हवी, घाईतली नको. सोबत तिच्या लायसन्सची आणि कार्डाची झेरॉक्स, दोन्हींवर तिची सही. कार्डाच्या झेरॉक्सवर नाव आणि शेवटचे चार आकडे दिसू देत, काही कंपन्या पहिले सहाही मागतात. मधले आकडे आणि सीव्हीव्ही झाकूनच झेरॉक्स काढायची. हल्ली बऱ्याच कार्डांवर नंबर आणि सीव्हीव्ही दोन्ही मागच्याच बाजूला असतात, तेव्हा मागची बाजू आधी बघ म्हणावं. उघड्या कार्डाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर तिच्याकडून मुळीच मागवू नकोस.

एवढं करूनही काही कंपन्या पत्र मानत नाहीत, त्यांना कार्डच बघायचं असतं. म्हणून तू आजच कंपनीला पीएनआर देऊन मेल कर, कार्डधारक प्रवास करत नाही, काय चालेल, असं विचार. उत्तर आलं की छापून पत्रासोबत ठेव. कार्डच हवं म्हणाले, तर मावशी कार्ड घेऊन त्यांच्या मुंबईतल्या ऑफिसात आधीच पडताळणी करून देऊ शकते का, तेही त्याच मेलमध्ये विचारून घे. तसं असेल तर सोमवारी मी तिच्यासोबत जाईन.

तुझी,
आई