सदनिका विकल्याबाबत भाडेकरूंना सूचना

ब-२०४ मधील सर्व भाडेकरूंनो,

आपण राहता ती सदनिका आम्ही विकली आहे. विक्रीखत १८ जूनला म्हापशाच्या उपनिबंधक कार्यालयात नोंदवले गेले. घर सोडण्याची गरज नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०९ नुसार भाडेपट्टा विक्रीने संपत नाही. नवे मालक आमच्या जागी येतात. त्यामुळे ₹१८,००० भाडे, ३१ मार्चपर्यंतची मुदत आणि एक महिन्याची नोटीस, सारे तसेच राहील.

भाडे: जूनचे भाडे आम्हाला पोचले आहे, ते नव्या मालकांना पुन्हा देऊ नये. जुलैपासून त्यांच्या खात्यात भरा. खाते क्रमांक फक्त जुन्या आणि नव्या अशा दोन्ही मालकांच्या सह्या असलेल्या पत्रातलाच धरा. फोनवर कोणी वेगळा क्रमांक सांगितला, तर आधी आम्हाला विचारा.

अनामत: वाद बहुतेक इथेच होतो. घर सोडताना जुना मालक नव्याकडे बोट दाखवतो आणि नवा म्हणतो, मला काही मिळालेच नाही. म्हणून आपले ₹५४,००० विक्रीच्या हिशेबात नव्या मालकांकडे वळते केले आहेत. तशी त्यांची सही असलेली पावती आपल्याला मिळेल. तीत मूळ कराराची तारीख, पूर्ण रक्कम आणि ‘परत करण्याची जबाबदारी माझी’ हे वाक्य आहे ना, ते पाहूनच स्वीकारा.

रविवारी, २९ जूनला सकाळी ११ वाजता सदनिकेतच भेटू. मूळ करार आणि अनामतीची जुनी पावती काढून ठेवा. भिंतींची ओल, नळ, पंखे यांची आजची स्थिती आपण, आम्ही आणि नवे मालक अशा तिघांसमोर लिहून फोटो काढू, म्हणजे जुनी मोडतोड पुढे आपल्या अनामतीतून कापली जाणार नाही.