टाइम ऑफिसमधल्या ताईंना, रात्रपाळीच्या पोरांकडून

ताई, नमस्कार. नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे माहितीये, आणि कंपनीचंही नाव नको. पण चाकणला आपल्या गेटवर जे झालं ते लिहायचंच होतं, कारण तुम्ही काय केलं ते आमच्या पाळीतल्या अर्ध्या पोरांना अजून नीट कळलेलं नाही, त्यांना वाटतं ताईंनी साहेबांना सांगून हजेरी लावून दिली. तसं नाहीये ते.

बुधवारची रात्र होती. वळवाचा पाऊस, लाईट गेली, शॉपला जनरेटर लागला पण गेटवरचं थम्ब मशीन जनरेटरच्या लाईनवर नाही हे कोणाला माहितीच नव्हतं. लाईट आली, मशीन चालू झालं, आम्ही ११ च्या पाळीला आलो, बोट ठेवलं, हिरवा दिवा, थँक यू म्हणालं, आत गेलो. सकाळी जाताना परत तेच. आता पंच करताना मशीनवरची तारीख कोण बघतं, बसमध्ये खिडकीची जागा धरायची घाई असते सगळ्यांना.

शुक्रवारी ॲप उघडलं तर बुधवार ॲबसेंट. एवढ्यावर थांबलं नाही, गुरुवारची साप्ताहिक सुट्टी पण उडवलेली, कारण सुट्टीला लागून गैरहजर असला की आपल्याकडे सुट्टीचा पगारही जातो. वर अटेंडन्स अवॉर्ड गेला, नाईट अलाउन्स गेला. म्हणजे रात्रभर प्रेसवर उभं राहून दोन दिवसांचा पगार कापून घ्यायचा. पोरं सुपरवायझरवर चिडली, तो म्हणाला मशीनमध्ये पंचच नाही तर मी काय करू, ॲपवर रेग्युलरायझेशन टाका. बरीच जणं लगेच मोबाईल काढून कारणात ‘पंच करायला विसरलो’ निवडायला लागली, कारण लिस्टमध्ये ते सगळ्यात वर असतं.

तेव्हा तुम्ही ग्रुपवर मेसेज टाकला की थांबा, ते कारण टाकू नका. विसरलो म्हणून महिन्यात दोनदाच मिळतं, ते दोन यात घालवले तर पुढे खरंच विसरलात तेव्हा काही उरणार नाही, आणि रेकॉर्डला चूक तुमची म्हणून राहते. ‘मशीन बिघाड’ हा ऑप्शन खाली स्क्रोल केल्यावर आहे, तो निवडा आणि शेऱ्यात पाळी, आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ लिहा. खरं सांगतो, एवढ्यावरच आम्ही खूश होतो.

पण मशीन बिघडलं होतं हे सिद्ध कोण करणार? आयटीवाले म्हणत होते मशीन चालू आहे, सर्व्हरला जोडलेलं आहे, बिघाड नाही. आणि ते खोटं पण नव्हतं. तुम्ही मग पेन ड्राइव्ह लावून मशीनमधला कच्चा लॉग काढला, सॉफ्टवेअरचा रिपोर्ट नाही, मशीनच्या पोटातला. त्यात आम्ही सगळे सापडलो, फक्त १ जानेवारी २००० या तारखेला! मशीनमधल्या घड्याळाची छोटी बॅटरी मेलेली, त्यामुळे लाईट गेली की घड्याळ बंद, लाईट आली की पहिल्यापासून सुरू, १ जानेवारी २०००, रात्रीचे बारा. पंच सर्व्हरला गेले होते, पण सॉफ्टवेअर चालू महिन्याची हजेरी काढतं, २००० सालच्या नोंदी बघणार कशाला. दुसऱ्या दिवशी दुपारी कोणीतरी घड्याळ परत नीट केलं आणि पुरावाच झाकला गेला.

मला तुम्ही कागदावर मांडून दाखवलं ते अजून डोळ्यासमोर आहे. माझा पंच लॉगमध्ये ००:३८. सिक्युरिटीच्या रजिस्टरला आमची बस गेटवर आली १०:४५ ला, आणि बसमधल्या सगळ्यांचे पंच एकापाठोपाठ ००:३६ पासून ००:४१ पर्यंत. लाईट आल्याची नोंद जनरेटरच्या लॉगबुकात १०:१० ची. १०:१० म्हणजे मशीनचे बारा, मग माझे ००:३८ म्हणजे १०:४८. बरोबर बसतंय. पण तुम्ही तिथेच थांबला नाहीत, म्हणालात एका टोकाला जुळलं तर योगायोग म्हणतील, दुसरं टोक बघू. सकाळचा माझा पंच ०८:५६. १०:१० मध्ये ८ तास ५६ मिनिटं मिळवली की सकाळचे ७:०६, आणि बस गेटबाहेर गेली रजिस्टरप्रमाणे ७:१५ ला. म्हणजे घड्याळाची तारीख चुकली होती, चाल नाही. आणि मधल्या वेळेला कॅन्टीनच्या वेगळ्या मशीनवर आमचे रात्रीच्या जेवणाचे पंच खऱ्या वेळेला होतेच.

मग तुम्ही एकच पत्र केलं सगळ्यांसाठी. कार्ड नंबर, नाव, मशीनवरची वेळ, खरी वेळ असे रकाने, खाली शिफ्ट इन्चार्जची सही, मागे लॉगची प्रिंट आणि रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स. त्यात ‘कृपया सहानुभूतीने विचार व्हावा’ असलं काही नव्हतं. ‘सदर कामगार पाळीत हजर होते, मशीनचे घड्याळ शून्यावर गेल्याने नोंदी चुकीच्या तारखेस पडल्या आहेत, सोबतच्या नोंदीनुसार हजेरी दुरुस्त करावी.’ बस्स. मी आमच्या गावाकडच्या भावाला हेच वाक्य पाठवलं, त्याच्या ऑफिसात पण असाच घोळ झालाय, तो तीन पानं विनवण्या लिहून बसला होता.

अजून एक गोष्ट, जी काही पोरांना खटकली पण मला पटली. एकजण त्या रात्री उशिरा आला होता, त्याचा पंच ०१:१५ म्हणजे ११:२५. तो म्हणाला ताई आता दुरुस्ती करताच आहात तर ११ करा ना. तुम्ही नाही केलं, पंचवीस मिनिटं लेट तसंच ठेवलं. म्हणालात यात एक वेळ जरी मनाने टाकली तर सगळा तक्ता खोटा ठरेल. आणि स्टोअरचा जो पोरगा लाईट नसताना साडेनऊलाच येऊन बसला होता, त्याचा आत येतानाचा पंच लॉगमध्ये असणंच शक्य नव्हतं, त्याच्यासाठी तुम्ही गेट रजिस्टरवरची सही आणि स्टोअरची इश्यू स्लिप वेगळी जोडली, वेगळ्या कागदावर, बाकीच्यांत न मिसळता.

कॉन्ट्रॅक्टरची पोरं पण तुम्ही सोडली नाहीत. त्यांना ॲपच नाही, त्यांची हजेरी कॉन्ट्रॅक्टरकडे एक्सेलमध्ये जाते, त्यांच्याकडे कोण बघतं हो. त्यांचा तक्ता तुम्ही स्वतः त्याच्या माणसाच्या हातात दिला आणि पोच घेतली.

हजेरी २५ ला बंद होते, तुमचं पत्र २४ ला सही होऊन आलं. एक दिवस उशीर झाला असता तर पैसे पुढच्या महिन्यात एरियर म्हणून आले असते आणि अवॉर्ड तर गेलाच असता, कारण तो त्याच महिन्याच्या हजेरीवर निघतो. पगार पूर्ण आला, सुट्टीसकट. मशीनची बॅटरी बदलली, यूपीएस बसला. आता आम्ही पंच करताना तारीख बघतो, मागचे ओरडतात तरी बघतो.

मनापासून आभार ताई. आणि हो, अवॉर्ड आला पण बुधवारचा नाईट अलाउन्स अजून स्लिपला दिसत नाहीये, फक्त माझाच नाही, प्रेस लाईनवरच्या सगळ्यांचा. पेरोलवाले म्हणतात मॅन्युअल पंचला तो आपोआप लागत नाही, वेगळा टाकावा लागतो. सोमवारी स्लिपा गोळा करून घेऊन येतो.

तुमचा,
प्रेस शॉपचा एक ऑपरेटर