विज्ञानात शुद्धलेखनाचे गुण कशाला?

संपादक महोदय,

प्रकाशसंश्लेषणावरच्या आमच्या १० गुणांच्या प्रश्नात आशयाला ६, शुद्धलेखनाला २ आणि अक्षराला २ गुण होते. डिस्लेक्सिया असलेल्या एका मुलाला आशयात ५ मिळाले, बाकी शून्य. मग आम्ही दहाही गुण आशयाला दिले (साऱ्या वर्गासाठीच) आणि त्याचे उत्तर तोंडी घेतले. हरितद्रव्याचे काम त्याला सांगता आले नाही, म्हणून २ गुण कापलेच. ते सोडले असते तर विज्ञानाचाच निकष खाली आला असता. मराठीच्या श्रुतलेखनात मात्र शुद्धलेखनच तपासायचे असते. तिथे मजकूर सावकाश सांगितला, वेळ वाढवला, पण ऱ्हस्व-दीर्घाचे गुण तसेच ठेवले. यावर एक पालक अजून नाराज आहेत.

– एक शिक्षिका, विटा (जि. सांगली)