सवलत कोणाच्या हाती?

२०२५च्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत वर्षाला १२ लाख कमावणाऱ्याचे ८० हजार रुपये वाचवले, २४ लाखवाल्याचे १ लाख १० हजार. खप वाढवायचा, तर ही वाटणी उलटी वाटते. समजा, दोघांना दहा-दहा हजार दिले. पहिल्याचा लांबलेला खर्च असतोच. तो आठ हजारांचा फ्रिज घेईल. दुसऱ्याच्या गरजा आधीच भागलेल्या, त्याचे बहुतेक पैसे म्युच्युअल फंडात जातील. अर्थात पहिला कर्जात बुडालेला असेल, तर तोही आधी हप्तेच फेडेल. शिवाय सात लाखांखालच्यांना आयकर आधीपासूनच नव्हता. त्यांच्या हाती या सवलतीतून काहीच आले नाही. त्यांच्यासाठी जीएसटी कपातच उपयोगी.

– एक वाचक, ठाणे