‘पळू नका’च्या जागी काय म्हणायचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नर्सरीबद्दल आपल्याकडे छापून येतं ते बहुतेक प्रवेश, फी आणि दप्तराच्या ओझ्याबद्दल. वर्गात तीन-साडेतीन वर्षांच्या मुलांशी दिवसभर कोणत्या शब्दांत बोललं जातं, यावर फारसं कोणी लिहीत नाही. मी बालवाडीत शिकवून निवृत्त झाले आहे. अलीकडे ओळखीच्या एका नर्सरीतल्या बाईंच्या वर्गात अधूनमधून जाऊन बसते. बाई कडक आहेत, पण मुलांवर त्यांचा जीव आहे. पंचवीस-तीस मुलं, मदतीला एक मावशी आणि हात धुवायला दोनच नळ, अशा वर्गात आवाज चढतो तो दुष्टपणाने नव्हे. म्हणून त्यांना ‘प्रेमाने बोला’ असा मोघम सल्ला न देता आम्ही दोघींनी त्यांच्या रोजच्या सूचना कागदावर उतरवल्या आणि एकेक करून नव्याने लिहिल्या. नियम एकही बदलला नाही. बदलले ते फक्त नियम सांगायचे शब्द.

त्यातली एकच वेळ सविस्तर सांगते, डब्याआधी हात धुण्याची. कोणत्याही नर्सरीत सगळ्यात जास्त ओरडा होतो तो तेव्हाच. बाईंची सूचना अशी असायची: “सगळ्यांनी रांगेत उभं राहा. ढकलाढकली करायची नाही. पाण्याशी खेळायचं नाही. बडबड बंद. जो ऐकणार नाही त्याला डबा मिळणार नाही.”

या पाच वाक्यांत काय करायचं हे फक्त पहिल्यात आहे. तेही तीन वर्षांच्या मुलाला पुरत नाही, कारण रांग म्हणजे नेमकं कुठे उभं राहायचं हे त्याला जमिनीवर दिसत नाही. पुढची तीन वाक्यं काय करायचं नाही ते सांगतात. ‘ढकलायचं नाही’ हे ऐकल्यावर मोठा माणूस मनातल्या मनात त्याचा उलटा अर्थ लावतो आणि हात आवरतो. लहान मुलाच्या कानावर मुख्यतः ‘ढकल’ पडतं, आणि हातांना दुसरं काम मिळालेलं नसतं. शिवाय या वयाचं मूल एका दमात एखाद-दुसरी गोष्टच लक्षात ठेवू शकतं. पाचव्या वाक्यापर्यंत पहिलं विरून गेलेलं असतं. आणि ते पाचवं वाक्य तर खरं होणारच नसतं. कोणतीही बाई मुलाला उपाशी ठेवणार नाही. त्यामुळे धीट मुलं बाईंचे शब्द मनावर न घ्यायला शिकतात आणि भित्रं मूल तेच खरं मानून डबा न उघडता बसून राहतं. असं बसलेलं मूल बऱ्याचदा कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण ते गप्प असतं.

आता आम्ही काय केलं ते सांगते. नळापासून वर्गाच्या दारापर्यंत खडूने पावलांच्या जोड्या काढल्या. हात धुवायची वेळ होण्याआधी बाई सांगू लागल्या, “हातातलं चित्र पुरं करा, मग हातांची आंघोळ.” पाच मिनिटं म्हणजे किती हे या वयाला कळत नाही, पण ‘चित्र झालं की’ हे कळतं. मग सगळ्यांना एकदम न उठवता, “लाल डबेवाले, आपापल्या पावलांच्या घरात.” ते उभे राहिले की, “पाय घरात, हात पोटावर.” ढकलू नका हे यात कुठेच म्हटलेलं नाही, पण पोटावर ठेवलेला हात कोणाला ढकलत नाही.

नळाशी बाई स्वतः उभ्या राहू लागल्या, मावशी वर्गात. आधी उलटं होतं. नळावर एकेका हाताकडे पाहत सूचना: “पोट चोळा.” म्हणजे तळहात. “पाठ चोळा.” म्हणजे हाताची मागची बाजू. “आता बोटांच्या गल्ल्या.” आणि शेवटी, “अंगठेमहाराज राहिले!” हे म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात हात नीट धुऊन होतात आणि अंगठा सुटत नाही, एरवी नेमका तोच सुटतो. पाणी बंद करायचं तेव्हा, “नळबाबांना झोपवा.” एखादं मूल धारेखालून हात काढत नसेल तर, “तू झोपवतोस की मी मदत करू?” इथे ‘बंद करायचा का नळ?’ असं विचारायचं नाही. विचारलं की मूल ‘नाही’ म्हणणार, आणि मग त्याचं उत्तर डावलून आपण नळ बंद करणार. मुलाला निवड द्यायची तर दोन्ही वाटा आपल्याला चालणाऱ्या हव्यात.

वर्गात थांबलेली मुलं मावशींसोबत आपडी थापडी खेळतात. त्या खेळात हाताला काम असतं आणि पाळी यायची वाटही बघता येते. धुतलेल्या हातांसाठीही सूचना लागते, नाहीतर ते हात थेट जमिनीला, भिंतीला किंवा शेजारच्याच्या केसांना लागतात. “पंख मिटा आणि घरट्यात या,” म्हणजे रुमालाने हात पुसून, छातीशी धरून जागेवर. या सगळ्याला आधीपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो, हे मान्य केलं पाहिजे. पण पूर्वी ओरडण्यात आणि सांडलेलं पाणी पुसण्यात जाणारा वेळ वाचतो.

पहिल्या दिवशी मात्र सगळं फसल्यासारखं वाटतं. ‘नळबाबा’ ऐकून मुलं हसत सुटतात, पुन्हा नळ उघडतात, पुन्हा झोपवतात. इथे बाई घाबरून जुन्या शब्दांकडे वळतात किंवा दुसऱ्या दिवशी नवीनच गंमत काढतात. दोन्ही चूक. तेच शब्द, त्याच क्रमाने, त्याच चालीत निदान दोन आठवडे राहू द्यावेत. नवलाई ओसरली की शब्द खुणेसारखे काम करू लागतात, आणि मुलंच एकमेकांना “अंगठेमहाराज!” म्हणून आठवण करतात. मावशींना आणि बदली येणाऱ्या ताईंनाही तेच शब्द सांगून ठेवायला हवेत. एकीने ‘पंख मिटा’ आणि दुसरीने ‘ए, हात खाली’ म्हटलं की मूल गोंधळतं.

सूचना दिल्यावर थांबणं हा भाग बहुतेकांकडून सुटतो. मूल ऐकतं, समजून घेतं, मग हलतं. मनातल्या मनात पाच-सहा आकडे मोजेपर्यंत गप्प राहायचं. आपण तेवढ्यात दुसऱ्यांदा बोललो की त्याची गाडी पुन्हा पहिल्यापासून सुरू. आणि दुरून वर्गभर ओरडून सांगण्यापेक्षा जवळ जाऊन, उकिडवं बसून, आधी नाव घेऊन सांगितलेलं पोचतं.

खेळकर म्हणजे काहीही चालतं असंही नाही. ‘पळू नका’च्या जागी आम्ही आधी “हत्तीसारखे चाला” लिहिलं होतं. लिहितानाच बाई म्हणाल्या, “अहो, सगळे पाय आपटत सुटतील!” खरंच होतं. मांजर घेतलं तर निम्मी मुलं चार पायांवर जातात आणि म्याव म्याव सुरू होतं. शेवटी “मांजरीची पावलं, आवाज न करता” असं ठरलं आणि बाईंनी स्वतः चालून दाखवायचं. जो प्राणी निवडू त्याचा वेग आणि आवाज दोन्ही वर्गात येणार, हे धरूनच शब्द निवडावा.

‘तोंडाला कुलूप लावा, किल्ली माझ्याकडे द्या’ ही सूचना अनेक वर्गांत लाडकी आहे. मला तिची काळजी वाटते. मोठ्यांना ती गंमत वाटते, पण तीन वर्षांचं मूल ते अक्षरशः घेतं. किल्ली बाईंकडे आहे म्हणून शू लागलेली सांगत नाही, आणि चड्डी ओली झाल्यावर आपण त्यालाच विचारतो, ‘सांगितलं का नाहीस?’ तोंड मिटायला सांगायचं असेल तर ते उघडायची वाटही त्याच सूचनेत हवी: “आता कानांची पाळी. काही हवं असेल तर हात वर.” बागुलबुवा, पोलीसकाका आणि सुई टोचणारे डॉक्टर यांना तर खेळकर सूचनांमध्ये जागाच नको. तो खेळ नाही, ती भीती आहे, आणि तिची किंमत पुढे दवाखान्यात चुकवावी लागते. ‘ती बघ किती शहाणी’ हेही तसंच. गोड आवाजात म्हटलं तरी ऐकणाऱ्या मुलाला कळतं की आपण शहाणे नाही.

रडणाऱ्या मुलाला ‘गप्प बस, नाहीतर आई येणार नाही’ म्हणणं मी सगळ्यात वाईट मानते. तिथे खेळकरपणाचीही गरज नाही. “आई हवी आहे ना. आधी डबा, मग गोष्ट, मग आई,” एवढं पुरतं. मात्र गोष्ट झाल्यावर आई खरंच येत असेल तरच हे म्हणावं.

आणि काही जागी खेळ नकोच. मूल फाटकाकडे धावलं तर मांजर नाही, हत्ती नाही, “थांब!” एवढंच, ठणकावून. एकाने दुसऱ्याला चावा घेतला तर जवळ जाऊन, हलक्या पण ठाम आवाजात, “चावायचं नाही. त्याला दुखलं.” दिवसभर प्रत्येक गोष्टीला ओरडणाऱ्या बाईंचं ‘थांब’ मुलांना इतर ओरडण्यासारखंच वाटतं. ज्यांचा आवाज एरवी खाली असतो, त्यांच्या ‘थांब’ला मूल जागच्या जागी थांबतं. हे मी माझ्या वर्गात कितीदा तरी पाहिलं आहे.

इंग्रजी माध्यमाच्या नर्सऱ्यांत आणखी एक अडचण आहे. घरी मराठी, अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाला पहिल्याच आठवड्यात ‘स्टँड इन अ लाइन’, ‘फिंगर ऑन युअर लिप्स’ ऐकवलं जातं. त्याला शब्द कळत नाही, फक्त आवाजाची पट्टी कळते, म्हणून पट्टी चढत जाते. निदान पहिल्या सत्रात सूचना घरच्या भाषेत द्याव्यात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आदिवासी पाड्यांवरच्या मुलांसाठी शाळाच त्यांच्या अंगणात नेणाऱ्या या बायकांच्या महाराष्ट्रात ही विनंती जगावेगळी वाटू नये.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांवर बंदी आणली. पण त्या कायद्याच्या व्याख्येतलं बालक ६ ते १४ वर्षांचं आहे, म्हणजे नर्सरीतलं मूल त्यात बसत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षांचा पायाभूत टप्पा मानला आहे. तेव्हा या वयाच्या शिक्षिकांच्या प्रशिक्षणात वर्गातल्या सूचना हा विषय प्रात्यक्षिकासह असावा, अशी माझी शिक्षण विभागाला आणि संस्थाचालकांना विनंती आहे. त्यासाठी वेगळा खर्च नाही. शिक्षिकांनी आपल्याच वर्गातल्या एका वेळेच्या सूचना, जशा तोंडून निघतात तशा लिहून आणाव्यात आणि सगळ्यांनी मिळून त्या पुन्हा लिहाव्यात. सुरुवात हात धुण्यापासून करावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका, नाशिक