ग्रॅच्युइटीच्या कागदावर तीन आकडे छापा

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी लालबागला राहते. एका छापखान्याच्या पगार विभागात एकोणतीस वर्षं काम करून निवृत्त झाले. माझ्या धाकट्या जाऊबाईंच्या हातात नोकरी सोडताना जो हिशोबाचा कागद पडला, त्याबद्दल हे पत्र आहे. असाच कागद दर महिन्याला मुंबईत किती जणांच्या हातात पडत असेल, याची मला काळजी वाटते.

जाऊबाई फोर्टमधल्या एका खासगी कंपनीत २ ऑगस्ट २००७ ला लागल्या आणि ३१ मार्च २०२५ ला राजीनामा देऊन बाहेर पडल्या. शेवटच्या महिन्याची पगाराची स्लिप अशी होती: मूळ वेतन १८,९०० रुपये, महागाई भत्ता ४,५०० रुपये, आणि घरभाडे, प्रवासभत्ता वगैरे धरून एकूण ३८,०००. कंपनीने दिलेल्या कागदावर ग्रॅच्युइटीसमोर एकच रक्कम छापलेली होती, १,६०,६५० रुपये. ती कशी आली, याचा एक शब्दही नव्हता. त्या संध्याकाळी मी वही घेऊन बसले. कंपनीचा आकडा जुळेपर्यंत वेगवेगळे हिशोब मांडून पाहिले, तेव्हा कुठे काय केलंय ते उलगडलं.

त्यांनी फक्त मूळ वेतन घेतलं होतं, त्याला ३० ने भागलं होतं आणि सतरा वर्षं धरली होती. १८,९०० भागिले ३० म्हणजे ६३० रुपये रोज, त्याचे पंधरा दिवस ९,४५० आणि त्याची सतरा पट १,६०,६५०. गुणाकार-भागाकार चोख होता, पण धरलेले तिन्ही आकडे चुकीचे होते.

आधी भागाकाराचं सांगते, कारण सगळ्यात जास्त लोक तिथेच फसतात. महिन्याचे दिवस तीस, म्हणून तीसने भागायचं, हे कुणालाही पटतं. पण तेव्हा लागू असलेल्या ग्रॅच्युइटीच्या १९७२ च्या कायद्यात मासिक पगार असणाऱ्यांसाठी २६ ने भागून १५ ने गुणायचं, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. महिन्याचा पगार आपण आठवड्याच्या सुट्ट्या वगळून साधारण सव्वीस दिवस काम करून मिळवतो, म्हणून एका दिवसाची मजुरी सव्वीसने भागूनच निघते. यावर भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. १९८० साली न्यायालयाने सव्वीसचा हिशोब मान्य केला आणि १९८७ च्या दुरुस्तीने तो कायद्यातच आला. इतकी वर्षं झाली, तरी हिशोबाच्या कागदांवर तीस दिसतो.

दुसरी चूक पैशाने सगळ्यात मोठी होती. या कायद्यात वेतन म्हणजे मूळ वेतन अधिक महागाई भत्ता. घरभाडे, बोनस, कमिशन, ओव्हरटाइम त्यात येत नाहीत, हे खरं. पण महागाई भत्ता येतोच. म्हणजे धरायची रक्कम १८,९०० नसून २३,४०० होती.

तिसरी चूक वर्षांची. जाऊबाईंची सतरा वर्षं पुरी होऊन वर जवळजवळ आठ महिने झाले होते. सहा महिन्यांहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरायचा असतो. म्हणून वर्षं अठरा. सतरा वर्षं पाच महिने झाले असते, तर मात्र सतराच धरली असती. इथे एक गल्लत होते, ती सांगून ठेवते. हा सहा महिन्यांचा नियम रक्कम काढताना लागतो. ग्रॅच्युइटीचा हक्क येण्यासाठी पाच वर्षांच्या सलग नोकरीची जी अट आहे, तिच्यासाठी तो नाही. साडेचार वर्षं झाली, म्हणजे पाच झाली, असं समजून कुणी राजीनामा देऊ नये. मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं, तर मात्र ही पाच वर्षांची अटच नाही.

आता नीट मांडलेला हिशोब: २३,४०० भागिले २६ म्हणजे ९०० रुपये रोज. पंधरा दिवसांचे १३,५००. अठरा वर्षांचे २,४३,०००. कंपनीच्या आकड्यापेक्षा ८२,३५० रुपये जास्त.

शिल्लक रजेचा हिशोब वेगळा असतो, आणि तो ग्रॅच्युइटीच्या सूत्राने काढायचा नाही. रजेच्या पैशाला पाच वर्षांची अट नाही. दोन वर्षांत नोकरी सोडणाऱ्यालाही शिल्लक अर्जित रजेचे पैसे मिळायला हवेत. जाऊबाईंच्या कंपनीच्या सेवानियमांत मूळ वेतन अधिक महागाई भत्ता भागिले ३० असा दर लिहिलेला होता, म्हणजे दिवसाला ७८० रुपये. स्लिपवर ३८ दिवस शिल्लक होते, तेव्हा २९,६४० रुपये व्हायला हवे होते. त्यांनी तीसच दिवसांचे २३,४०० दिले आणि ‘तीसवर रजा बुडते’ असं तोंडी सांगितलं. सेवानियमांत तसं कुठेच नव्हतं. तेव्हा दहा किंवा जास्त कामगार असलेल्या दुकानांना व आस्थापनांना लागू असलेला महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा तर ४५ दिवसांपर्यंत रजा साठवू देतो. आणि पंधरा दिवस आधी मागितलेली रजा मालकाने नाकारली असेल, तर पंचेचाळीसच्या वरचे दिवसही रोखीत मागता येतात. म्हणून रजेचा अर्ज नामंजूर झाला, तर तो कागद फाडू नका.

जाऊबाईंनी पोचपावतीवर ‘रक्कम मिळाली, हिशोबास हरकत कायम’ असं लिहून सही केली. मग ग्रॅच्युइटीचा फॉर्म आय भरून, वरचा हिशोब सोबत जोडून, रजिस्टर पोस्टाने पाठवला. रजेच्या फरकासाठी वेगळं पत्र दिलं. ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून तीस दिवसांत द्यावी लागते, उशीर झाला तर सरळव्याज लागतं, आणि मालकाने ऐकलं नाही तर नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे फॉर्म एनने नव्वद दिवसांत अर्ज करता येतो, हेही पत्रात लिहिलं. सहाव्या आठवड्यात दोन्ही मिळून ८८,५९० रुपयांचा फरक खात्यात आला. व्याज आलं नाही. त्याचा पाठपुरावा चालू आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९७२ च्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. त्यानंतर नोकरी सोडणाऱ्यांनी वेतनाची नवी व्याख्याही पाहावी. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरचा भाग वेतनात मिळवला जातो. एकूण ४०,००० आणि मूळ वेतन जेमतेम १२,००० असलेल्याचा हिशोब आता २०,००० वर व्हायला हवा. पंधरा भागिले सव्वीस मात्र तसंच आहे.

माझी कामगार खात्याला विनंती आहे, की हिशोबाच्या अंतिम कागदावर धरलेलं वेतन, भाजक आणि धरलेली वर्षं हे तीन आकडे छापणं मालकांना सक्तीचं करावं. रजेसाठी दिवस आणि दर छापावेत. जाऊबाईंना घरात पगारपत्रकं केलेली बाई होती. त्यांच्याच टेबलाशेजारी बसणाऱ्या एका सहकारी बाईंनी दोन वर्षांपूर्वी अशाच एका आकड्यावर सही केली होती. त्यांचा कागद आता मी मागवून घेतला आहे.

आपली,
एक निवृत्त पगार कारकून, लालबाग, मुंबई