बाई, तुम्ही आमचा अर्ज नीट वाचलात

आदरणीय मुख्याध्यापिका बाई,
सप्रेम नमस्कार.

जूनमध्ये माझ्या लेकीचा अर्ज घेऊन आले, तेव्हा मी एकच सवलत मागितली होती, जादा वेळ. सोबत अपंगत्वाचा दाखला होता आणि श्रवण तपासणीचा आलेख. तुम्ही तो आलेख बराच वेळ पाहिलात आणि विचारलंत, "जे तिला ऐकूच आलं नाही, ते ती जादा वेळात कसं लिहिणार?" मला उत्तर देता येईना. इतकी वर्षं तिला वाढवून हा प्रश्न मलाच पडला नव्हता.

आधीच्या शाळेत भाषेच्या श्रवण चाचणीत तिला शून्य मिळालं होतं. बाई वर्गात फेऱ्या मारत उतारा वाचत होत्या. आमची लेक कानातल्या यंत्राइतकीच समोरच्याच्या ओठांवर विसंबून असते. त्यात प, ब आणि म ओठांवर अगदी सारखे दिसतात. पाळ, बाळ, माळ यांतलं नेमकं काय, हे वाक्याच्या संदर्भावरून कळतं; सुटा शब्द सांगितला की ती अडते. शिवाय यंत्र डोक्यावरच्या पंख्याचा आवाजही मोठा करतं.

तुम्ही तिची चाचणी वाचनालयात घेतलीत. पंखा स्वतः बंद केलात. हातभर अंतरावर समोर बसून, कागद तोंडाआड न धरता, नेहमीच्याच गतीने उतारा वाचलात. मी दाराशी उभी होते. तिने वर पाहिलं, तुमचे ओठ पाहिले आणि 'माळ' लिहिलं.

दुसरी गोष्ट सूचनांची. गेल्या वर्षी गणिताच्या पेपरात छपाईची चूक होती. पर्यवेक्षकांनी ती तोंडी सांगितली, सगळ्या वर्गाने ७ खोडून १४ केले आणि हिने ७ धरूनच गणित सोडवलं. रीत बरोबर, उत्तर चूक. यंदा पूर्वपरीक्षेत तुमच्या पर्यवेक्षकांनी दुरुस्ती फळ्यावर लिहिली आणि तिच्या बाकावर बोट ठेवून दाखवली. शेवटची दहा मिनिटं उरल्याचंही तिला चिठ्ठीवर कळलं. यंत्राची जादा बॅटरी तिच्या कंपासपेटीत असेल आणि ती पेपर चालू असताना बदलता येईल, हे तुम्ही पर्यवेक्षकांना आधीच लिहून दिलं होतंत. त्यामुळे तिला कुणाची समजूत काढत बसावं लागलं नाही.

जादा वेळही तिला हवाच होता. लांबलचक प्रश्नाचं वाक्य उलगडायला तिला दुसऱ्यांदा वाचावं लागतं. दहावीच्या बोर्डाकडे तासाला २० मिनिटांच्या सवलतीचा प्रस्ताव तुम्ही वेळेत पाठवलात, तोही दाखल्याची प्रत जोडली आहे ना हे स्वतः तपासून.

एकच विनंती आहे. सातवीत यंत्र लावणारा एक मुलगा आहे. पर्यवेक्षकांना दिलेली ती चिठ्ठी त्याच्या आईलाही द्या.

आपली,
दहावी 'ब'मधल्या एका मुलीची आई